टायमरची वही

पंपाचा टायमर तन्वीने फिरवला, असं इमारतीत सगळ्यांनीच धरून चाललं होतं. कुणी तिला तोंडावर बोललं नव्हतं, पण जिन्याखालच्या पेटीपाशी ती दिसली की कुणी ना कुणी म्हणायचंच, "ए, तिथे काय करतेस गं?" सहावीतल्या मुलीला एवढं पुरतं. तिने त्या बाजूने जाणंच सोडलं.

तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंच्या हे लक्षात आलं. बाई गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण इमारतीतली लहानथोर सगळी त्यांना बाईच म्हणत. टायमर पुन्हा चुकला की घड्याळाशी जुळवून ठेवायचं काम त्यांच्याकडेच असे. सकाळी साडेपाच ते सव्वासहा पंप चालावा आणि गच्चीवरची टाकी भरावी, इतकं साधं काम होतं. पण दोनेक महिन्यांपासून पंप कधी सातला लागायचा, कधी नऊला, आणि एकदा तर दुपारी रिकाम्या इमारतीत पाऊण तास चालून गेला.

एका संध्याकाळी त्यांनी तन्वीला हाक मारली. "तू फिरवलास का टायमर?"

"नाही बाई."

"बरं. मग कशाने फिरतो ते शोधायचं का?"

तन्वी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. बाईंनी "नक्की?" असं विचारलं नाही, हे तिला कळलं होतं.

दोघी पेटीपाशी गेल्या. टायमर जुन्या पद्धतीचा होता, चकतीचा. चकतीवर चोवीस तास कोरलेले आणि कडेने 96 बारीक खिट्या. एक खिटी म्हणजे पंधरा मिनिटं. साडेपाचपासूनच्या तीन खिट्या खाली दाबलेल्या होत्या, बाकीच्या वर. चकती बाणाखालून हळूहळू सरकते आणि दाबलेली खिटी बाणाशी आली की आतला संपर्क जुळून पंप सुरू होतो. वर असलेली खिटी आली की बंद.

"आत घड्याळ आहे?" तन्वीने विचारलं.

"एक छोटी मोटर आहे. वीज येते ती सेकंदाला 50 वेळा हेलकावते. त्या हेलकाव्यांच्या तालावरच ही मोटर फिरते, म्हणून तिचा वेग बिघडत नाही. पण आत सेल नाही. वीज थांबली की चकती जागच्या जागी थांबते. परत आली की जिथे होती तिथूनच पुढे."

"म्हणजे मागे पडते."

"जेवढा वेळ वीज नसेल तेवढीच. ना कमी, ना जास्त."

हे तन्वीला इतकं आवडलं की ती लगेच म्हणाली, "मग वीज जात असेल, झालं!" बाई मान हलवून म्हणाल्या की असेलही, पण आधी मोजू. मोजल्याशिवाय कुणाचंच नाव घ्यायचं नाही, विजेचंही नाही.

वही तन्वीची, पेन्सिल बाईंची. रोज संध्याकाळी चार वाजता चकतीवरची वेळ वाचायची, भिंतीवरच्या घड्याळातली तिच्याशेजारी लिहायची आणि फरक मांडायचा. चकती मागे पडलेली दिसली तरी पुढे ढकलायची नाही. हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यात अवघड गेलं, कारण वरच्या मजल्यावरचे आबा दोनदा खाली येऊन म्हणाले, "बाई, टायमर लावा की हो नीट." बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं की थोडे दिवस तो चुकू दे, म्हणजे कसा चुकतो ते कळेल. आबांना ते पटलं नाही. आबांचा या टायमरवर सगळ्यात जास्त राग होता. पाणी वाया गेलेलं त्यांना बघवत नसे, आणि टाकी वाहिल्याचा आवाज त्यांच्याच खिडकीशी यायचा.

पहिले दोन दिवस फरक शून्य. तिसऱ्या दिवशी एक तास दहा मिनिटं. त्यानंतर दोन दिवस तेवढाच, वाढला नाही की घटला नाही. मग एकदम अडीच तास.

बाईंनी वही तन्वीपुढे सरकवली. "मोटर झिजली असती, दाते घसरत असते, तर या आकड्यांचं काय झालं असतं?"

तन्वीला वेळ लागला. बाईंनी तो लागू दिला. "रोज थोडा थोडा फरक पडला असता," ती अखेर म्हणाली. "हा उड्या मारतोय. मधल्या दिवशी अगदी बरोबर चालतो."

"म्हणजे यंत्र ठणठणीत आहे. कधीतरी थांबतं, आणि थांबतं ते बराच वेळ."

विजेची शंका तपासायला बाईंच्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह कामी आला. वीज जाऊन आली की त्याचं घड्याळ लुकलुकत बसतं, कुणी लावेपर्यंत. एका दुपारी वीज वीस मिनिटं गेली. मायक्रोवेव्ह लुकलुकला, आणि चारच्या नोंदीत फरक बरोबर वीस मिनिटांनी वाढलेला. तन्वीने त्या ओळीला चौकट केली. पण एक तास दहा मिनिटांच्या दिवशी मायक्रोवेव्ह लुकलुकला नव्हता, आणि अडीच तासांच्या दिवशीही नाही. शिवाय टायमरच्याच मीटरवर असलेला जिन्यातला दिवाही कुणी बंद पडलेला पाहिला नव्हता.

"घरात वीज होती, जिन्यात होती, आणि टायमरला नव्हती," बाई म्हणाल्या.

दिवसातून एका नोंदीने आता भागणार नव्हतं. शाळेला निघण्यापूर्वी सातला तन्वी बघणार, पुढे दर तासाला बाई. सुरुवात स्वच्छ असावी म्हणून चकती आदल्या रात्री घड्याळाशी जुळवून ठेवली.

सकाळी सातला तन्वी पेटीपाशी गेली. बाणाखाली सहा वाजून पाच मिनिटं होती. कान जवळ नेला की मोटरची बारीक घरघर ऐकू यायची, ती येत नव्हती. टायमरवरचा लाल ठिपका विझलेला. तिने खाली पाहिलं. टायमर ज्या प्लगात खोचलेला होता त्याचं बटणच बंद होतं.

हात पुढे गेला होता तिचा. पण तिने बटणाला हात लावला नाही, धावत जाऊन बाईंना बोलावून आणलं.

"कुणी केलं असेल?" तन्वी कुजबुजली.

"ज्याने केलं तो सुरू करायलाही येईल. थांबूया."

सव्वासातच्या सुमारास आबा फिरून आले. दोघींना बघून थबकले, मग वाकून त्यांनी बटण दाबलं. त्याबरोबर पंप घरघरत सुरू झाला.

"बघा!" आबा म्हणाले. "हेच सांगतोय मी कधीपासून. टाकी भरून वाहायला लागली म्हणून सहाला बंद केला. आता उद्यासाठी बटण चालू करून ठेवावं म्हटलं, तर हा आपोआप पंप लावतो! टायमर बिघडलाय, दुसरं काही नाही." आणि त्यांनी बटण पुन्हा बंद केलं. "आता दुपारीच लावतो. तोवर शांत होईल."

तन्वीने बाईंकडे पाहिलं. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त थोड्या बाजूला सरकल्या, चकती आबांना दिसेल अशा.

"आबा," तन्वी म्हणाली, "तो अजून शांत होणार नाही. हे बघा ना. बाण सहा-पाचवर आहे. टायमरला वाटतंय अजून सहा-पाचच वाजलेत. सव्वासहापर्यंतची खिटी दाबलेली आहे, म्हणजे त्याची दहा मिनिटं उरलीत. तुम्ही बटण कधीही लावा, दुपारी लावा, रात्री लावा, तो आधी ती दहा मिनिटं पंप चालवणार."

आबांनी चष्मा सारखा केला आणि चकतीवर वाकले. "पण मी तर पंप बंद करतो."

"पंपासोबत टायमरही बंद होतो. दोघांना एकच बटण आहे."

आबा बराच वेळ बाणाकडे बघत होते. "म्हणजे दुपारपर्यंत बंद ठेवला की..."

"तेवढे तास मागे. मग दुसऱ्या दिवशी पंप साडेपाचला लागत नाही, दुपारी लागतो."

"म्हणजे हे सगळं माझ्यामुळे," आबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"टाकी वाहत असताना पंप बंद करणं बरोबरच होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही उठला नसता तर पाणी गेलं असतं. चूक वायरिंगची आहे. पंप थांबवायचा तर घड्याळ थांबवावंच लागतं, अशी जोडणी आहे ही."

आबा तन्वीकडे वळले. "आणि आम्ही तुझ्यावर घातलं होय गं?" तन्वी काही बोलली नाही. आबा म्हणाले, "संध्याकाळी सगळ्यांना मी सांगतो." त्यांनी सांगितलंही, जिन्यात उभं राहून, मोठ्याने.

तन्वीचा एक प्रश्न मात्र राहिला होता, आणि बाईंना तो शोधातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटला. टायमर तोच, बटण तेच, आबाही तेच. मग आधीची वर्षं हे का झालं नाही? त्याचं उत्तर मधल्या मजल्यावर मिळालं. तिथलं पाच माणसांचं बिऱ्हाड दोन महिन्यांपूर्वी गेलं होतं. टाकी पूर्वी सकाळपर्यंत तळाला जायची, म्हणून पाऊण तास लागायचा. आता ती अर्धीच रिकामी होते, पाऊण तासाच्या आत भरते आणि वाहू लागते. वाहिली म्हणून आबांनी बटणाला हात लावला. तन्वीने वहीत हे सगळं बाण काढून एकाखाली एक लिहिलं. सगळ्यात वर होतं 'बिऱ्हाड गेलं', सगळ्यात खाली 'दुपारी पंप'.

वायरमनला बोलावलं. पेटी त्यानेच उघडली, तन्वीला बाईंनी दोन पावलं मागे उभं केलं. टायमरला कायम वीज राहील आणि पंपाचं बटण टायमरच्या पुढे येईल, अशी जोडणी त्याने केली. आता पंप बंद केला तरी चकती चालत राहणार होती. गच्चीवरच्या टाकीत फ्लोट स्विचही बसवला, म्हणजे टाकी भरली की पंप आपोआप थांबेल आणि आबांना पहाटे उठावं लागणार नाही. आबा तरी पहिल्या दिवशी पावणेसहाला उठून गच्चीवर गेलेच, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला.

वीज गेली तर मात्र हा टायमर मागे पडणारच. त्याला इलाज दोनच, आत सेल असलेला टायमर आणणं किंवा चकती हाताने पुढे करणं. यंत्र चांगलं चालत असताना टाकून द्यायला बाई तयार नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात वीज चाळीस मिनिटं गेली. ती आल्यावर आबांनी वरूनच हाक मारली, "तन्वी, टायमर बघतेस ना गं?" ती आधीच पेटीपाशी होती. चकती तिने ती फिरते त्याच दिशेने, कारण उलटी फिरवली तर दाते खराब होतात, चाळीस मिनिटं पुढे नेली, घड्याळाशी ताडून पाहिली आणि वहीत लिहिलं: फरक शून्य.