पाडवा पहाटेला येऊ शकले नाही, त्याबद्दल

लातूर,
दि. २७ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व कार्यकर्ते,
पाडवा पहाट संयोजन समिती, गंगाखेड

सप्रेम नमस्कार.

खरे तर फोनच करायला हवा होता. पण डॉक्टरांनी सात दिवसांचे मौन सांगितले आहे. कुजबुजायलासुद्धा मनाई आहे. म्हणून हे पत्र.

स्वररज्जूंना सूज आली, हे कारण मुलाने त्या रात्री आपल्याला सांगितलेच. ते खरेच आहे, पण माफी मागायची आहे ती आजारपणाची नाही. घसा सोमवारी, अभ्यंगस्नानाच्या दिवशीच धरला होता. तेव्हाच कळवले असते तर तुमच्या हाती पुरते दोन दिवस राहिले असते. ज्येष्ठमधाची काडी चघळत, हळदीचे दूध पीत मी 'उतरेल, उतरेल' म्हणत राहिले. लक्ष्मीपूजन आटोपून तानपुरा लावला. मंद्रातला पंचम कसाबसा लागला, पण वरच्या षड्जाला नुसती हवाच आली. तरी पुन्हा तासभर वाट पाहिली आणि मग मुलाला फोन करायला लावला. तोवर रात्रीचे साडेनऊ झाले होते. ही चूक पूर्णपणे माझी.

यंदा सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन हातचे नेले, तरी तुम्ही दारोदार फिरून वर्गणी जमवली. लोक पहाटे पाचला सतरंजीवर येऊन बसले होते, हे ऐकल्यापासून फार वाईट वाटते आहे. अहिर भैरवने सुरुवात करून पुढे जनाबाईंचे अभंग घ्यायचे ठरवले होते. त्यांच्या गावात, गोदाकाठी त्यांचेच अभंग गायचे म्हणून महिनाभर तयारी केली होती.

ऐनवेळी गावातल्या मुलींनी कार्यक्रम सावरला असे कळले. त्यांना माझे मनापासून आशीर्वाद सांगा. परभणीहून आलेले तबला आणि संवादिनीचे साथीदार वेळेवर हजर होते. त्यांच्या मानधनात कृपया काही कमी करू नये. मला दिलेले आगाऊ दहा हजार रुपये सोबतच्या धनादेशाने परत करत आहे. त्या दिवशीच्या ध्वनिक्षेपकाचा आणि मंडपाचा खर्चही मला कळवा, तो मी देईन. संकोच करू नका.

डॉक्टरांच्या मते पूर्ण रियाजाला अजून तीन आठवडे लागतील. त्यानंतर मार्गशीर्षातली कोणतीही पहाट तुम्ही सांगा, मी स्वखर्चाने येईन. मानधन नको. मंडप नसला तरी चालेल, देवळाच्या ओट्यावर बसूनही गाईन. पण लोकांचा राग अजून शमला नसेल आणि बोलवावेसे वाटत नसेल, तर तसेही मोकळेपणाने कळवा. मला ते समजेल.

ज्या आजीबाई थंडीत शाल पांघरून पहिल्या रांगेत बसून होत्या असे मुलाने सांगितले, त्यांना माझा वेगळा नमस्कार सांगावा.

आपली नम्र,
सुनंदा
(गायिका)