गणित शिक्षक (इयत्ता ७ ते १०) : कामाचे स्वरूप आणि निवडीचे निकष

आमची शाळा लहान आहे. पाचवी ते दहावी प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, एका वर्गात साधारण २३ मुले आणि गणिताला दोनच शिक्षक. त्यांतले वरच्या वर्गांचे शिक्षक या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी पूर्णवेळ शिक्षक नेमायचा आहे.

मोठ्या शाळेत एखाद्या मुलाला एका शिक्षकाकडून नाही समजले, तर पुढच्या वर्षी दुसरे शिक्षक मिळतात. इथे तसे होत नाही. सातवीत तुमच्या हाती आलेले मूल दहावी होईपर्यंत तुमच्याचकडे गणित शिकते. त्याच्या मनात पक्की झालेली चूक तुम्ही शोधली नाहीत, तर ती चार वर्षे तशीच राहते. पुढचे निकष याच जबाबदारीतून ठरवले आहेत. अर्ज करण्याआधी ते पूर्ण वाचावेत, ही विनंती.

काम काय आहे

आठवड्याला पाच दिवस आणि रोज ४० मिनिटांच्या आठ तासिका, म्हणजे एकूण ४०. त्यांतल्या २४ तासिका सातवी ते दहावीच्या गणिताच्या, प्रत्येक वर्गाला सहा. दोन तासिका मागे पडलेल्या मुलांसाठी जादा वर्गाच्या. एक तासिका पाचवी-सहावीचे गणित शिकवणाऱ्या सहकाऱ्याबरोबर बसण्याची. तेच विज्ञानही शिकवतात. ही तासिका वेळापत्रकात कायम धरलेली असते आणि तिच्यावर दुसरे काम टाकले जात नाही. उरलेल्या १३ तासिका वह्या तपासणे, टाचण आणि तयारीसाठी आहेत. कोणी रजेवर असले की त्यांचा वर्ग सांभाळावा लागतो, पण आठवड्यात तीनपेक्षा जास्त वेळा नाही.

चार वर्गांत मिळून सुमारे ९२ मुले होतात. प्रत्येक मुलाची वही पंधरवड्यातून एकदा बारकाईने पाहिली जावी, अशी अपेक्षा आहे. बारकाईने म्हणजे उत्तराखाली बरोबर-चूक खूण करून पान उलटणे नव्हे. कोणत्या पायरीवर मूल वाट चुकले ते ओळखून तिथे एखादा प्रश्न लिहायचा. रोज सगळ्या वह्या तपासल्याचे दाखवा, असा आग्रह आम्ही धरत नाही. त्याने सह्याच वाढतात.

घटक चाचण्यांच्या आणि सत्र परीक्षांच्या प्रश्नपत्रिका तुम्हीच काढायच्या, तपासायच्या आणि गुण नोंदवायचे. वर्षातून तीन पालक सभा असतात. एका वर्गाचे वर्गशिक्षकपदही तुमच्याकडे येईल, मात्र पहिल्या वर्षी नाही.

शाळेतल्या मुलांची पैसे घेऊन खाजगी शिकवणी घेता येणार नाही. मारणे, वर्गासमोर अपमान करणे किंवा कमी गुणांवरून मुलांची तुलना करणे या शाळेत चालत नाही. गणिताची भीती अनेकदा गणितापेक्षा अशा अपमानातून बसते, म्हणून हा नियम आम्ही या पदाच्या बाबतीत मुद्दाम लिहून ठेवतो.

आवश्यक पात्रता

गणित मुख्य विषय असलेली पदवी आणि अध्यापनाची मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका. माध्यमिक वर्गांना गणित शिकवण्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव. मुलांसोबत काम करण्यासाठी आवश्यक असलेली चारित्र्य पडताळणी पूर्ण करण्याची तयारी. यांपैकी एक जरी बाब नसेल, तरी अर्ज पुढे जात नाही. त्यात सवलत देण्याचा अधिकार निवड समितीलाही नाही.

पदव्युत्तर पदवी असली तर चांगलेच, पण तिला वेगळे गुण नाहीत. हे का, ते सांगायला हवे. मागे एकदा आम्ही प्रमाणपत्रे आणि मुलाखत एवढ्यावरच निवड केली होती. आलेल्या शिक्षकांचा विषय उत्तम होता. फळ्यावर कठीण उदाहरणे ते सहज सोडवत आणि मुले ती वहीत उतरवून घेत. वर्षभरात त्या वर्गात प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही, आणि हे आमच्या लक्षात वार्षिक परीक्षेचे पेपर पाहिल्यावर आले. दोष निवडीच्या पद्धतीचा होता. प्रत्यक्ष वर्गात शिकवताना आम्ही त्यांना पाहिलेच नव्हते.

निवड कशी होईल

एकूण १०० गुण : अर्ज १०, लेखी काम २५, प्रात्यक्षिक पाठ ४०, मुलाखत २५.

*अर्ज.* अर्जासोबत दोन पानांपर्यंतचे एक टिपण द्यावे : तुम्ही शिकवलेला एखादा घटक, जो पहिल्यांदा मुलांना समजला नाही, आणि नंतर तुम्ही काय बदललेत. दहाही गुण या टिपणाला आहेत. सुबक भाषेपेक्षा नेमका तपशील महत्त्वाचा. 'मुलांचा पाया कच्चा होता' एवढेच कारण दिलेले टिपण कमी गुण मिळवेल. कोणता पाया आणि तो कच्चा आहे हे कशावरून कळले, ते त्यात यायला हवे. या टिपणांवरून जास्तीत जास्त आठ उमेदवारांना बोलावले जाईल.

*लेखी काम.* वेळ एक तास. अवघड प्रमेये विचारणार नाही. मुलांच्या वह्यांत दिसतात तशा चुका तुमच्यासमोर ठेवू. त्या कशा असतील याचा अंदाज यावा म्हणून काही नमुने :

एका मुलाने ०.३५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी ठरवली आहे. दुसऱ्याने ८ + ४ = ▢ + ५ या चौकटीत १२ लिहिले आहे. तिसऱ्याने 2(x + 3) = 14 सोडवताना पुढची पायरी 2x + 3 = 14 अशी मांडली आहे. चौथ्याने x² = 5x च्या दोन्ही बाजूंना x ने भागून x = 5 हे एकच उत्तर दिले आहे.

प्रत्येक चुकीबद्दल तीन गोष्टी लिहायच्या : मुलाने कोणता विचार केला असावा, तो पडताळायला तुम्ही त्याला कोणता प्रश्न विचाराल, आणि पुढचे उदाहरण कोणते द्याल. दुसऱ्या नमुन्यात 'बेरीज चुकली' असे लिहिणाऱ्याला गुण मिळणार नाहीत, कारण बेरीज बरोबरच आहे. त्या मुलाला बरोबरचे चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी आज्ञा वाटते, आणि पुढे समीकरणे शिकताना तो इथेच अडतो. किमान १३ गुण मिळालेल्यांनाच पाठासाठी बोलावले जाईल.

*प्रात्यक्षिक पाठ.* हा निवडीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. सातवीच्या मुलांच्या एका गटावर ४० मिनिटे. घटक सर्वांना एकच : ऋण संख्यांचा गुणाकार. वर्गातील मुलांना ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी येते, गुणाकार शिकवलेला नाही. एकाच गटाला तोच पाठ पुन्हा ऐकावा लागू नये म्हणून दर पाठाला मुलांचा वेगळा गट असेल.

(−3) × (−4) = 12 का, हे मुलांना पटायला हवे. 'वजा वजा अधिक' पाठ करून घेणे सोपे आहे, पण तेच मूल दुसऱ्या दिवशी −3 − 4 चे उत्तर +7 लिहिते. संख्यांच्या मालिकेतून जा, वितरणाच्या गुणधर्मातून जा किंवा तुमची वेगळी वाट असेल तर तिने जा. आम्हाला ठरावीक पद्धत नको. तिच्यात गणिती चूक नसावी आणि मुलांना स्वतः विचार करायला जागा असावी.

पाठाचे ४० गुण असे : गणिताची अचूकता १२, मुलांचे बोलणे ऐकून त्यावर पाठ पुढे नेणे १२, उदाहरणांची निवड आणि क्रम ८, फळा आणि भाषा ८. ऐकण्याला अचूकतेइतकेच गुण विचारपूर्वक दिले आहेत. मुलाने चुकीचे उत्तर दिल्यावर 'दुसरे कोण सांगेल?' म्हणून पुढे जाणाऱ्याला या १२ पैकी चारपेक्षा जास्त मिळणार नाहीत. 'हे कसे काढलेस?' असे विचारून त्या उत्तराचा वर्गासाठी उपयोग करणारा नऊच्या वर जाईल. ठरवलेले अर्धे राहिले, घटक पूर्ण झाला नाही, तरी त्यासाठी गुण कापले जाणार नाहीत. पाठात २४ च्या खाली गुण असतील, तर बाकी गुण कितीही असले तरी निवड होणार नाही.

*मुलाखत.* ३५ मिनिटे. सुरुवात तुमच्याच पाठापासून होईल : काय जमले, काय पुन्हा वेगळे कराल. मग विषयाचा एखादा प्रश्न येईल. उदाहरणार्थ, पावणेदोन भागिले अर्धा यावर रोजच्या व्यवहारातले गणित तयार करा. पावणेदोन मीटर दोरीतून अर्ध्या मीटरचे किती तुकडे, हे साडेतीनकडे नेते. पावणेदोनचे दोन सारखे वाटे करणारे उदाहरण मात्र अर्ध्याने नव्हे, दोनाने भागते. अपूर्णांक शिकवणाऱ्याला हा फरक बोलता बोलता कळायला हवा. शेवटी पालकांशी संवाद आणि सहकाऱ्यांसोबत काम यांवर बोलू. वय, लग्न, मुलेबाळे, जात, धर्म किंवा आधीचा पगार याबद्दल काहीही विचारले जाणार नाही.

समिती आणि गुणदान

समितीत मुख्याध्यापक, शाळेतील दुसरे गणित शिक्षक, संस्थेच्या कार्यकारिणीतील एक सदस्य आणि बाहेरच्या शाळेतील एक अनुभवी गणित शिक्षक असतील. कोणाचे उमेदवाराशी नाते किंवा जुनी ओळख असेल, तर ते आधीच लेखी सांगून त्या उमेदवाराच्या गुणदानातून बाजूला होतील. चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपले गुण स्वतंत्रपणे लिहून द्यायचे. कोणत्याही निकषावर दोघांच्या गुणांत तीनपेक्षा जास्त अंतर पडले, तर काय पाहिले ते दोघांनी सांगायचे आणि मगच सरासरी काढायची.

एकूण ६० गुण हवेत. दोघांचे गुण सारखे झाले, तर पाठाचे गुण पाहिले जातील. ६० पर्यंत कोणीही पोहोचले नाही, तर पद रिकामे ठेवून पुन्हा जाहिरात देऊ. घाईने केलेल्या निवडीचा भार मुलांनी वाहावा, हे आम्हाला मान्य नाही. निवड झालेल्या उमेदवाराच्या आधीच्या दोन ठिकाणी, त्यांना सांगूनच, चौकशी केली जाईल.

वेतन आणि नेमणूक

वेतन शाळेच्या लेखी वेतनश्रेणीप्रमाणे. अनुभवाच्या पूर्ण झालेल्या वर्षांवरून त्यातली पायरी ठरते. तो तक्ता मागणाऱ्या प्रत्येकाला अर्जाआधीच मिळेल. पहिले वर्ष परिविक्षेचे. त्या वर्षात मुख्याध्यापक आणि दुसरे गणित शिक्षक चार तासिका येऊन पाहतील, दोन कळवून आणि दोन न कळवता, आणि प्रत्येक वेळी त्याच आठवड्यात लेखी अभिप्राय देतील.

अर्ज, टिपण आणि प्रमाणपत्रांच्या प्रती ही जाहिरात लागल्यापासून २१ दिवसांत शाळेच्या कार्यालयात हाती द्याव्यात किंवा टपालाने पाठवाव्यात. पाठापर्यंत आलेल्या पण निवड न झालेल्या प्रत्येक उमेदवाराला त्यांचे निकषवार गुण आणि पाठावरचा अभिप्राय दोन आठवड्यांत कळवला जाईल. वर्ग आधी पाहायचा असेल, तर कोणत्याही कामाच्या दिवशी तिसऱ्या तासिकेला या. कार्यालयात नाव सांगितले की वर्गात मागे बसता येईल, आणि आलात किंवा नाही आलात याचा निवडीशी संबंध राहणार नाही.