ऑगस्टचे भाडे जमा केल्याबाबत

नमस्कार काका, ऑगस्टचे पूर्ण भाडे १४,००० रुपये मंगळवारी, ५ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी आयएमपीएसने तुमच्या नेहमीच्या खात्यावर पाठवले आहे. संदर्भ क्रमांक 521711604832. माझ्या खात्यातून रक्कम वजा झाली असून बँकेच्या पावतीवर ‘व्यवहार यशस्वी’ असे आहे. फोटो सोबत जोडतो.

काल फोनवर तुम्ही भाडे आलेच नाही म्हणालात, आणि बोलणे वाढले. ते मनाला लागले, कारण तुमच्याशी संबंध बिघडावेत असे मला अजिबात वाटत नाही. नळदुरुस्तीचा खर्च यातून कापलेला नाही. तो विषय समोरासमोर बोलू. कृपया पासबुकात ही नोंद पाहून भाडे मिळाल्याचे इथेच लिहून कळवा.