विषय: 18 नोव्हेंबरची व्हिसा अपॉइंटमेंट पुढे ढकलण्याबाबत – अर्ज क्रमांक 4471-0926

दिनांक: 12 नोव्हेंबर 2025

प्रति,
व्हिसा अधिकारी,
कुटुंब पुनर्मीलन विभाग

महोदय/महोदया,

मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी, आम्हा दोघींची अपॉइंटमेंट मंगळवार, 18 नोव्हेंबर रोजी सकाळी 10:15 वाजता आहे. त्या दिवशी मुलीचा जन्मदाखला माझ्या हातात नसेल, म्हणून आम्हाला 27 नोव्हेंबर किंवा त्यानंतरची तारीख द्यावी, ही विनंती.

जुन्या दाखल्यावर माझ्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं होतं. ते दुरुस्त करून नवा दाखला 7 नोव्हेंबरला मिळाला. पण आधीचं एपोस्टिल जुन्या दाखल्यावर होतं, त्यामुळे नव्यावर ते पुन्हा करून घ्यावं लागत आहे. 10 तारखेलाच दाखला जमा केला. पावतीवर परत मिळण्याची तारीख 24 नोव्हेंबर आहे. लवकर मिळेल का, हे मी तिथे जाऊन विचारलं. तसं होणार नाही असं त्यांनी सांगितलं. एपोस्टिल झाल्यावर भाषांतरासाठी आणखी दोन दिवस लागतील.

जुना दाखला घेऊन यावं का, असाही विचार केला. पण आई-मुलीचं नातं ज्या कागदावरून सिद्ध व्हायचं त्यावरच चुकीचं नाव असेल, तर आपलाही वेळ जाईल आणि अर्ज अपुरा ठरेल.

पोर्टलवरून तारीख बदलण्याची एक संधी मी याच दुरुस्तीसाठी ऑक्टोबरमध्ये वापरली आहे. आता तिथे बदलाचा पर्याय दिसत नाही, म्हणून थेट लिहीत आहे. ही तारीख रद्द केली तर भरलेली फी बाद होईल का, ते कळेपर्यंत मी ती स्वतःहून रद्द केलेली नाही. आमची गैरहजेरी लागू नये आणि ही वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडावी, म्हणून सहा दिवस आधी कळवत आहे. नव्या तारखेसाठी वेगळी फी लागत असेल तर ती भरायची माझी तयारी आहे.

12 डिसेंबरपर्यंतची कोणतीही वेळ चालेल. फक्त दोघींची वेळ एकत्रच असावी. मुलगी अज्ञान आहे आणि तिचे वडील नोकरीनिमित्त तिकडेच आहेत. त्यांचं नोटरी केलेलं संमतिपत्र माझ्याकडे तयार आहे. आम्ही 20 जानेवारीच्या सुमारास निघायचं ठरवलं आहे, तिकिटं अजून काढलेली नाहीत.

सोबत अपॉइंटमेंटचं पत्र, फीची पावती, एपोस्टिलसाठी दाखला जमा केल्याची पावती आणि नव्या दाखल्याची छायाप्रत जोडली आहे. 17 तारखेच्या दुपारपर्यंत उत्तर मिळालं तर फार बरं होईल. आम्हाला रात्रीच्या गाडीने निघावं लागतं. उत्तर याच ईमेलवर द्यावं.

आपली विश्वासू,
मेघना
(अर्जदार व अज्ञान अर्जदाराची आई)