मनूस पत्र : कर्ज काढून क्रिप्टो नको

दुबई, १२ ऑगस्ट २०२५

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

राखी वेळेत पोचली. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू दोन ओळी वाचून अंगठा पाठवला असतास, म्हणून हे पत्र. एकदा बसून वाच.

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, पतसंस्थेतून चार लाख काढतेय, दोन जामीनदार झालेत, पैसे क्रिप्टोत टाकणार. वर म्हणालीस, "दादा, हप्ता पगारातनं जाईल, नफा वेगळा." तेव्हा मी गप्प बसलो, कारण नेमकं हेच वाक्य मी नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वतःला ऐकवलं होतं.

हे घरात कुणाला ठाऊक नाही. बिटकॉइन तेव्हा साठ हजार डॉलरच्या वर होता. खोलीवरचे सगळे घेत होते. मी बँकेतून चाळीस हजार दिरहमचं कर्ज काढलं, तीन वर्षांचं. जून २०२२ मध्ये भाव वीस हजारांवर आला आणि त्याच महिन्यात घरभाड्याचा चेक लागायचा होता. हप्ता कापून हातात येणारा पगार पुरेना. विकलं. चाळीसचे जेमतेम तेरा हजार आले. हप्ते मात्र चालूच राहिले. शेवटचा गेला नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात बिटकॉइनने एक लाख डॉलर ओलांडले. त्या दिवशी कँटीनमध्ये जेवण गेलं नाही मला.

तू म्हणशील, थांबला असतास तर? अगं, तेच तर. स्वतःचे पैसे असते तर थांबलो असतो. कर्जदाराला थांबता येत नाही. हप्त्याची तारीख भाव बघत नाही.

आता तुझा हिशेब. चार लाख, सोळा टक्के, तीन वर्षं : महिन्याला साधारण चौदा हजार त्रेसष्ट. म्हणजे एकूण पाच लाख सहा हजार फेडायचे. त्यातलं एक लाख सहा हजार नुसतं व्याज. क्रिप्टोच्या नफ्यावर आपल्याकडे तीस टक्के कर आहे, वर सेस, म्हणजे ३१.२. आणि व्याज त्या नफ्यातून वजा करू देत नाहीत, फक्त खरेदीची किंमत धरतात. म्हणून कर भरून व्याजापुरते पैसे उरायचे तर नफा हवा दीड लाखाच्या वर. चार लाखांचे साडेपाच लाख झाले, तर तू जिथून निघालीस तिथेच उभी! एका नाण्यात बुडालं तर तो तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही वळता होत नाही. विकताना एक टक्का टीडीएस कापतात तो वेगळाच, रिटर्न भरल्यावर त्याचा हिशेब होतो.

आणि तुमच्या त्या टेलिग्रामवरच्या "सरां"बद्दल. स्क्रीनशॉट पाहिला. ॲपमध्ये आकडा रोज वाढतो, पाच हजार काढले तर लगेच खात्यात आले, म्हणून तुझा विश्वास बसला. असली मंडळी थोडे पैसे आधी काढूच देतात. मोठी रक्कम काढायला गेलीस की म्हणतात, आधी टॅक्स भरा, मग सोडतो. कर सरकारला भरायचा असतो, मनू, सरांना नाही. आपल्या पुण्यातच गेनबिटकॉइनवाल्यांनी महिन्याला दहा टक्क्यांचं आमिष दाखवलं होतं. पुढे किती वर्षं केस चालली ते तू पेपरात वाचलंच असशील. त्या ॲपमध्ये आणखी एक रुपया टाकू नकोस. पैसे अडकलेच तर लाजू नकोस, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लाव.

जामीनदारांचाही विचार कर. माने बाईंच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे असं तूच सांगत होतीस. तुझे हप्ते थकले तर संस्था त्यांच्या पगाराला हात घालेल. मग स्टाफरूममध्ये समोरासमोर बसून डबा कसा खाशील?

क्रिप्टो वाईट की चांगलं, यावर मी भांडत नाही. भिशीचे दोन-चार हजार घालून बघायची हौस असेल तर बघ, बुडाले तरी घर चालेल एवढेच. उसने नकोत.

शौनकच्या इंजिनिअरिंगच्या फीची काळजी आहे, हे कळतंय मला. पहिल्या वर्षाचे पैसे मी दिवाळीला येताना देतो. पुढच्या वर्षांचं सचिनराव, तू आणि मी बसून बघू. हे उपकार वगैरे समजू नकोस, भाचा आहे माझा.

सोमवारी संस्थेत जाऊन अर्ज मागे घे, आणि माने बाईंना तू स्वतःच सांग. झालं की मला एवढंच कळव, "घेतला."

बाबांना क्रिप्टोचं सांगितलंस तरी चालेल. माझं २०२१ चं मात्र सांगू नकोस, त्यांना वाटतं मी तेव्हा एफडी केली होती.

तुझा,
दादा