रुग्णवाहिका हस्तांतर नोंद: रस्ता अपघात, ट्रायाज लाल

पुरुष, वय ४६, वजन अंदाजे ७० किलो. ओळख खिशातल्या लायसन्सवरून, झेरॉक्स केसपेपरला जोडली आहे. अपघात १८ जानेवारी, संध्या. सुमारे ७.४० (मागून येणाऱ्या टेम्पोचालकाच्या सांगण्यावरून). आम्ही पोहोचलो ८.०२, निघालो ८.१७, तुमच्या दारात ८.५२.

मॅडम, आधी हे: नाडी ९८ बघून रुग्ण स्थिर समजू नका. पाकिटात मेटोप्रोलॉल ५०, क्लोपिडोग्रेल ७५ आणि ॲस्पिरिन ७५ अशा तीन स्ट्रिप सापडल्या, तिन्ही अर्ध्या संपलेल्या. भावाने फोनवर सांगितलं की गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट एक, आजच्या सकाळच्या गोळ्या घेतल्या आहेत. म्हणजे नाडी दाबलेली आणि रक्त पातळ. रक्तदाब, श्वास आणि शुद्ध यांवरच भरवसा ठेवा. स्ट्रिप सोबतच्या पिशवीत आहेत.

अपघात कसा झाला: पुणे–सोलापूर महामार्ग, इंदापूरच्या अलीकडे. उसाने भरलेली ट्रॅक्टरट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मोटारसायकल मागून धडकली. ट्रॉलीच्या कडेचा मार उजव्या छातीवर, रुग्ण साधारण ३ मीटर फेकला गेला. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता, ते वेगळं पडलेलं मिळालं. काही क्षण बेशुद्ध होता असं टेम्पोचालक म्हणतो. ८.०४ ला बोलत होता, पण तेच ते विचारत होता. दारूचा वास नाही, साखर १४२.

नोंदी:
८.०४: नाडी ९६, रक्तदाब ८६/६०, श्वास २६, साध्या हवेवर ऑक्सिजन ९१, जीसीएस १४ (ई४ व्ही४ एम६)
८.३०: नाडी ९२, रक्तदाब ९६/६४, श्वास २४, ऑक्सिजन ९७, जीसीएस १४
८.४८: नाडी ९८, रक्तदाब ८४/५८, श्वास ३०, ऑक्सिजन ९४, जीसीएस १३ (ई३ व्ही४ एम६)
बाहुल्या तिन्ही वेळा ३ मिमी, दोन्ही सारख्या, उजेडाला प्रतिसाद आहे. तापमान ३५.४. बोटं गार असल्याने प्रोब कानाला लावला, बोटावरचा आकडा धरू नका.

८.२१ ला तुम्हाला फोनवर दिलेली माहिती आता जुनी झाली. ५०० मिलि आरएल (दोनदा २५०) गेल्यावर दाब वर आला आणि पुन्हा खाली गेला. बाहेरून दिसणारं रक्त थांबलेलं आहे, त्यामुळे आत कुठेतरी चालू आहे. डोक्याला मार असल्यामुळे दाब ८० वर सोडून दिला नाही, पण पाणी ओतत राहण्यापेक्षा रक्त लागेल. रक्तगट माहीत नाही.

डावी नडगी: उघडं फ्रॅक्चर, रक्त उसळत होतं. दाबपट्टी दोन मिनिटांत भिजली म्हणून मांडीवर, गुडघ्याच्या ८ सेमी वर टूर्निके, वेळ ८.०६, पट्ट्यावर मार्करने लिहिली आहे. स्ट्रेचरवर घेताना एकदा सैल झाली होती, पुन्हा आवळली. शेवटचं तपासलं ८.४६, कोरडं आहे.

ओटीपोट: रुग्ण स्वतः 'कंबर तुटली' म्हणतो. दाबून, हलवून पाहिलेलं नाही. बाइंडर लावला, पहिल्यांदा कमरेच्या हाडावर गेला होता, ८.११ ला काढून मांडीच्या वरच्या हाडाच्या उंचवट्यांवर बसवला. फोटो होईपर्यंत सोडू नये, कुशीवरही वळवू नये. उजवी मांडी सुजलेली, वाकडी. ओटीपोटाचा संशय असल्याने ट्रॅक्शन स्प्लिंट मुद्दाम वापरला नाही, दोन्ही पाय जोडून बांधले आहेत. उजव्या पावलाची नाडी लागते.

छाती: उजवीकडे ५ ते ८ फासळ्यांवर दुखतं, खरखर लागते. ८.४० पासून उजवीकडे हवा कमी ऐकू येते. श्वासनलिका मध्यावर. मानेच्या शिरा फुगलेल्या नाहीत, पण रक्त एवढं गेल्यावर त्या फुगणारही नाहीत, म्हणून त्यावरून ताण नाही असं म्हणता येणार नाही. सुई घातलेली नाही. आत घेताच आधी ही बाजू पाहा. पोट मऊ, डावीकडे वर दाबल्यावर दुखतं.

दिलेलं: मास्कने ऑक्सिजन १० लिटर. डाव्या कोपरात १६ जी, चालू आहे. उजव्या हाताला दोनदा प्रयत्न, शीर फुटली, दुसरी लाइन नाही. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम, १०० मिलि सलाइनमधून, ८.२४ ते ८.३४, फोनवरच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून (स्टेंटची माहिती दिली होती). पुढचा १ ग्रॅम, ८ तासांचा, तुमच्याकडे सुरू करायचा. पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून. ट्रॅमाडॉल किंवा अफूजन्य काही दिलं नाही. कॉलर आहे, कपडे कापले, ब्लँकेट दोन.

ॲलर्जी नाही असं भाऊ सांगतो. दुपारी दीडला जेवण, सहाला चहा. भाऊ दौंडहून निघाला आहे. मोबाइल, पाकीट, घड्याळ सिस्टरांकडे मोजून दिलं, सही घेतली. पोलिसांना कळवलं आहे, एमएलसी करावी लागेल.

पॅरामेडिक, रात्री ८.५६