अध्ययन रजेसाठी अर्ज

दिनांक : ८ जून २०२६

प्रति,
मा. मुख्याध्यापक

विषय : एम.एड. अभ्यासक्रमासाठी १२ महिन्यांची अध्ययन रजा मंजूर होणेबाबत.

महोदय,

मी नऊ वर्षांपासून आपल्या शाळेत गणित विषयाची सहशिक्षिका आहे. मला दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.एड. अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. तरी दि. १ जुलै २०२६ ते ३० जून २०२७ अशी अध्ययन रजा मिळावी, ही विनंती. दुसऱ्या वर्षाच्या मुदतवाढीसाठी गुणपत्रकासह वेळेत स्वतंत्र अर्ज करीन.

मला खरी काळजी दहावी 'अ'ची आहे. वर्गातील अकरा विद्यार्थी अजून अवयव पाडताना चिन्हांत चुकतात, आणि तेच कच्चे राहिले तर वर्गसमीकरणे अडतात. त्यांची नावे, प्रत्येकाच्या नेमक्या चुका आणि सरावपत्रिका तयार आहेत. वार्षिक नियोजन, पहिल्या सत्राची पाठटाचणे व मूल्यमापन नोंदवही २९ जूनपर्यंत बदली शिक्षकांकडे सोपवीन. शक्य झाल्यास त्यांची नेमणूक २२ जूनपर्यंत व्हावी, म्हणजे आठवडाभर वर्ग एकत्र घेता येईल.

रजेनंतर सेवेत परतण्याचे बंधपत्र देण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,
सहशिक्षिका (गणित), माध्यमिक विभाग

सोबत : प्रवेशपत्र, अभ्यासक्रमाचे वेळापत्रक, रजेच्या हिशेबाचा उतारा, बंधपत्राचा मसुदा.